ओल्या चिंधीची साक्ष

नवा रंगीत कपडा घेताना दुकानदाराला विचारलेला ठरलेला प्रश्न म्हणजे ‘रंग जाणार नाही ना?’ आणि त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘गॅरंटी आहे, पक्का रंग.’ यात त्याचा खोटेपणा असतोच असं नाही. त्यालाही माहीत नसतं. ठोक व्यापाऱ्याने त्याला जे सांगितलं तेच तो पुढे सांगतो. रंग किती पक्का आहे हे कापड रंगवणाऱ्या कारखान्यात ठरलेलं असतं, आणि डोळ्यांनी बघून ते कुणालाच कळत नाही. पांढऱ्या सुती कापडाचा चार बोटं लांब तुकडा, थोडं पाणी आणि अर्धा तास एवढ्यावर ते कळतं. मात्र ओल्या रुमालाने कापड दोनदा घासायचं आणि ‘नाही जात’ म्हणून मोकळं व्हायचं, अशी चाचणी बहुतेक वेळा फसवी निघते. का, ते समजायला रंग धाग्यावर कसा बसतो हे थोडं बघावं लागेल.

सुती कापडावर रंग बसवायच्या दोन रीती आपल्या कामाच्या आहेत. पहिलीत रंगाचे कण धाग्याच्या आत शिरतात आणि नुसत्या आकर्षणाने तिथे चिकटून राहतात. या गटाला डायरेक्ट रंग म्हणतात. 1884 साली जर्मनीत काँगो रेड नावाचा लाल रंग निघाला. आधी तुरटीसारखी काही प्रक्रिया न करता सुतावर थेट चढणारा तो पहिला कृत्रिम रंग, आणि डायरेक्ट हे नाव त्याच गुणावरून पडलं. रंगवायला सोपे, स्वस्त, पण पाण्यात गेले की थोडे थोडे सुटतात. पहिल्या धुण्याला सुटतात, दहाव्यालाही सुटतात. दुसऱ्या रीतीत रंगाचा कण धाग्याशी रासायनिक बंध जोडतो, म्हणजे तो धाग्याचाच भाग होऊन जातो. हे रिअ‍ॅक्टिव्ह रंग 1956 मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आले. आज चांगल्या सुती कुर्त्यांवर, चादरींवर आणि टी-शर्टांवर मुख्यतः हेच असतात.

मग रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा कपडा पहिल्या धुण्यात पाणी लाल का करतो? कारण रंगाच्या टाकीत धागा असतो तसं पाणीही असतं, आणि रंगाचे काही कण धाग्याऐवजी पाण्याशीच बंध जोडून बसतात. त्यांची बंध जोडायची ताकद तिथेच संपते. ते धाग्यात अडकून असतात, पण धाग्याचे झालेले नसतात. लग्न आटोपल्यावरही घरात राहिलेल्या पाहुण्यांसारखा हा उरलेला रंग असतो, त्याला बाहेर काढावंच लागतं. म्हणून रंगाऱ्याने कापड आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मग गरम पाण्यात, मग साबणाच्या जवळजवळ उकळत्या पाण्यात, आणि पुन्हा साध्या पाण्यात. हे सगळं करायला पाणी, इंधन आणि वेळ लागतो, त्यामुळे काटकसर करायची झाली की ती इथेच होते. रंग उत्तम, कापड उत्तम, फक्त शेवटची धुलाई अर्धवट, असा कपडा आपल्या घरी येतो आणि पहिल्या दिवशी बादलीभर रंग सोडतो.

गडद छटांमध्ये हा त्रास जास्त, कारण गडद छटेसाठी रंगच जास्त घालावा लागतो आणि मग उरतोही जास्त. डाळिंबी, लाल, काळा, नेव्ही ब्लू हे नेहमीचे संशयित. फिरोजी छटेचे रंगकण आकाराने मोठे असतात, त्यामुळे धाग्याच्या आत अडकलेला जास्तीचा फिरोजी रंग धुऊन काढणं रंगाऱ्यांनाही जड जातं. फिकट अबोली किंवा लिंबू रंगाच्या कपड्याची मी सहसा चाचणी करत बसत नाही.

म्हणजे पाण्यात रंग सोडणारे दोन वेगळे कपडे असतात. एकात फक्त जास्तीचा रंग उरलेला आहे, तो दोन-तीन धुण्यांत निघून जाईल आणि कपडा पुढे वर्षानुवर्षं शहाण्यासारखा वागेल. दुसऱ्यात रंगच कच्चा आहे, तो कायम सुटत राहील. पहिल्या चिंधीवर दोघांचे डाग अगदी सारखे दिसतात. फरक कळतो तो दुसऱ्या चिंधीत. घरोघरी चाचणी केली जाते ती पहिल्या चिंधीपाशी थांबते, म्हणून तिचा निम्माच उपयोग होतो.

आता चिंधीबद्दल. ती पांढरी, सुती आणि पुष्कळदा धुतलेली हवी. जुन्या धोतराचा, बंडीचा किंवा मलमलच्या दुपट्ट्याचा तुकडा उत्तम. नव्या कापडाला खळ असते, ती रंग नीट शोषू देत नाही. चिंधी साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद कापावी. असे तीन तुकडे एकाच कापडातून कापायचे: एक साध्या पाण्यासाठी, एक साबणाच्या पाण्यासाठी आणि तिसरा काहीच न करता नुसता ओला करून बाजूला ठेवायला. तिसऱ्या तुकड्याशी ताडून बघितल्याशिवाय पहिल्या दोघांवरची फिकट गुलाबी झाक दिसतच नाही. ओलं पांढरं कापड तसंही कोरड्यापेक्षा थोडं मळकट दिसतं, त्यामुळे आठवणीतल्या पांढऱ्याशी तुलना केली की माणूस चुकतोच.

साबणाचं पाणी आपण रोज जी पावडर वापरतो तिचंच करायचं. एक लिटर पाण्यात चहाचा सपाट एक चमचा. प्रयोगशाळेत धुण्याच्या चाचणीसाठी जे पाणी करतात त्यात लिटरला 4 ग्रॅम डिटर्जंट असतं, आणि सपाट चमच्यात साधारण तेवढंच येतं. साध्या पाण्यात अजिबात न हलणारा रंग साबणात हलतो, असं पुष्कळदा दिसतं. कपडा शेवटी साबणातच जाणार असल्यामुळे ही दुसरी चिंधी टाळून चालत नाही.

कपड्यावरची जागा निवडताना आतली शिवण शोधावी. कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत शिंपी जे मार्जिन सोडतो ते, किंवा खालच्या दुमडीची आतली बाजू. साडी असेल तर निऱ्यांच्या आत खोचलं जाणारं टोक. तिथे काही झालं तरी कुणाला दिसत नाही. शिंप्याकडून उरलेलं कापड परत मिळालं असेल तर आणखी चांगलं, चाचणी त्या कातरणावरच करता येते. रेशमावर तर कातरणच घ्यावं, कारण रेशमाला नुसत्या पाण्याच्या थेंबाचाही डाग पडतो.

चिंधी पाण्यात बुडवून घट्ट पिळायची. थेंब गळता कामा नये, पण हाताला चांगली ओली लागली पाहिजे. कापडाचं कोरडं वजन जितकं तितकंच पाणी त्यात राहावं, असा प्रयोगशाळेचा अंदाज आहे. घरी वजन करत बसायची गरज नाही, पिळल्यावर पाणी येणं थांबलं की झालं. मार्जिनचा भागही त्याच पाण्याने ओला करायचा, कारण रंग सुटायला दोन्ही बाजू ओल्या लागतात. मग खाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, त्यावर मार्जिन, त्यावर चिंधी, वर पुन्हा प्लास्टिक, आणि या सगळ्यावर वजन. प्लास्टिक दोन कामं करतं. चिंधी वाळू देत नाही आणि खालचा कपडा ओला होऊ देत नाही.

वजन किती ठेवायचं याचं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं. कापडाचा रंग पाण्यात टिकतो का हे बघण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तीत दहा बाय चार सेंटिमीटरचा ओला नमुना पांढऱ्या कापडाला चिकटवून दोन तक्त्यांमध्ये ठेवतात आणि वरून सुमारे पाच किलोचा दाब देतात. तापमान 37 अंश, म्हणजे अंगाच्या उष्णतेइतकं, आणि वेळ चार तास. घामाची चाचणीही याच साच्यात होते. यातून आपल्याला कळायचं ते एवढंच की रंग दाबाने आणि वेळाने उतरतो, घासण्याने नव्हे. पाच किलो तांदळाचा डबा घरात असतोच. दाब त्याच्या तळाएवढ्या पसरट जागेवर विभागला जाऊ नये म्हणून चिंधीवर आधी तिच्याच आकाराची लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठ्याच्या दोन-तीन घड्या ठेवून मग डबा ठेवायचा. रोजच्या कपड्याला अर्धा तास पुरे. लग्नाची साडी किंवा महागडा ड्रेस असेल तर दुपारी लावून संध्याकाळी काढावी. तापमानाची काळजी करायला नको, विदर्भात मे महिन्यात खोली आपोआपच प्रयोगशाळा होते.

दुकानातल्या ओल्या रुमालाची चाचणी यामुळेच लंगडी पडते. दोनदा घासल्याने फक्त वरवर बसलेला रंग रुमालाला लागतो. आतला रंग बाहेर यायला पाणी धाग्यात मुरावं लागतं, आणि त्याला अवधी लागतो. उलटही घडतं. जीन्सच्या नव्या पँटवर कोरडा पांढरा रुमाल घासला तरी निळा होतो, कारण निळीचा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरावर बसलेला असतो आणि घासून निघतो. पाण्यात मात्र नीळ विरघळतच नाही. त्यामुळे घासून निघणारा रंग आणि पाण्यात सुटणारा रंग ही दोन वेगळी दुखणी आहेत. जीन्समुळे पांढऱ्या सोफ्याचं कव्हर निळं होण्याची धास्ती जास्त, बादलीतल्या पाण्याची त्यामानाने कमी. छापील कपड्यावर बोटाला जाडसर लागणारी पिगमेंटची छपाईही अशीच घासून निघते. म्हणून ओली चिंधी काढल्यावर एक कोरडी चिंधी बोटावर गुंडाळून दहा वेळा मागे-पुढे घासून बघायला हरकत नाही.

चिंधी काढल्यावर ती दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघायची. ट्यूबलाइटखाली फिकट गुलाबी आणि फिकट पिवळा रंग लपतो. आधी ओली असताना बघायची, मग सावलीत वाळवून पुन्हा. प्रयोगशाळेत ताडून बघायला करड्या छटांच्या पट्ट्यांच्या जोड्या असतात. 5 म्हणजे डाग नाही, 1 म्हणजे चिंधीच रंगली. कपड्यांच्या धंद्यात चारच्या आसपास आलेला निकाल चांगला मानतात. घरी तीन पायऱ्या पुरतात. चिंधी तिसऱ्या तुकड्याइतकीच पांढरी असेल तर काळजी नाही. जवळ धरून बघितल्यावरच झाक कळत असेल तर कपडा पहिल्यांदा गडद कपड्यांबरोबर धुवायचा. हात लांब करून धरल्यावरही रंग दिसत असेल तर कपडा एकटा धुवायचा, आणि त्यानंतर दुसरी चिंधी लावायची.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. माझ्या बहिणीने डाळिंबी सुती कुर्ता घेतला होता. गळ्याला आणि बाह्यांच्या कडेला पांढरं पायपिन. दिसायला सुंदर, पण रंगाच्या दृष्टीने अशी जुळणी म्हणजे कठीण परीक्षाच, कारण इथे डाग पडायला शेजारचा कपडा लागतच नाही. रंग सुटला तर आधी स्वतःचंच पायपिन गुलाबी करणार. साध्या पाण्याची चिंधी अर्ध्या तासाने काढली तेव्हा ती जेमतेम गुलाबीसर होती, वाळल्यावर तर शंका यावी इतकी फिकट. साबणाच्या पाण्याची चिंधी मात्र स्पष्ट गुलाबी, मार्जिनच्या शिवणीची रेघसुद्धा तिच्यावर उमटलेली. म्हणजे रंग सुटतो, आणि साबणात जास्त सुटतो.

अशा कपड्याला भिजत घालणं सर्वांत वाईट. भिजवण्यात रंग पाण्यात उतरतो, पाणी गढूळ होतं, आणि त्याच गढूळ पाण्यात पांढरं पायपिन निवांत बसून रंग पिऊन घेतं. पाणी जितकं थोडं आणि वेळ जितका जास्त, तितका डाग पक्का. म्हणून मोठी बादली काठोकाठ थंड पाण्याने भरून घेतली, कुर्ता उलटा करून त्यात खळबळला आणि लगेच काढला. पाणी लालसर झालं. ते ओतून पुन्हा ताजं पाणी. ते जवळजवळ स्वच्छ आल्यावर सौम्य द्रव डिटर्जंटच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं हाताने धुतला आणि पुन्हा भरपूर पाण्यात खळबळला. पिळून ढीग करून ठेवला नाही. ओल्या ढिगात डाळिंबी कापड पांढऱ्याला दाबून बसतं, म्हणजे आपण चिंधीने मुद्दाम केलेली चाचणी तिथे नको तिथे घडते. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घेतलं, आणि हँगरवर गळ्यातून हवा खेळेल असा सावलीत वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी त्याच मार्जिनवर, थोडं बाजूला, साबणाची नवी चिंधी लावली. या वेळी फिकट गुलाबी, जवळ धरून बघावी लागेल इतकी. अशाच आणखी एका एकट्या धुण्यानंतर चिंधी पांढरी आली. हा जास्तीचा रंग होता, कच्चा नव्हे. त्यानंतर तो कुर्ता इतर गडद कपड्यांबरोबर मशीनमध्ये जायला लागला. समजा दुसरी आणि तिसरी चिंधी पहिलीइतकीच गुलाबी आली असती, तर तो डायरेक्ट रंगाचा किंवा तसाच एखादा कच्चा रंग, हे कळलं असतं. तसा कपडा कायम एकटा, थंड पाण्यात आणि पटकन धुवावा. साबण थोडा कमी चालेल, पण ‘हळूहळू रंग बसेल’ या आशेवर राहू नये. कच्चा रंग धुऊन धुऊन पक्का होत नाही, फक्त फिका होतो.

इथे मिठाचा विषय निघणार हे ठरलेलं आहे. नवा कपडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा म्हणजे रंग पक्का होतो, असं आपल्याकडे आजीपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळे सांगतात. या सल्ल्याचं मूळ रंगाऱ्याच्या टाकीत आहे. सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात, कारण मिठामुळे रंगाचे कण पाणी सोडून धाग्याकडे ढकलले जातात. पण ढकलणं म्हणजे बांधणं नव्हे. घरी तुम्ही मिठाचं पाणी केलंत की उरलेला रंग धाग्यातच दबून राहतो. पाणी स्वच्छ दिसतं, आपल्याला वाटतं काम झालं. पुढच्या धुण्यात मीठ नसतं, आणि तोच रंग तेव्हा बाहेर येतो. जो रंग काढून टाकायचा आहे तोच आपण मिठाने धरून ठेवतो. रंगाऱ्यालासुद्धा साबणाच्या उकळत्या पाण्याआधी कापडातलं मीठ साध्या पाण्याने धुऊन टाकावं लागतं, नाहीतर जास्तीचा रंग निघत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर मिठात भिजवलेल्या कपड्यावर एक चिंधी मिठाच्या पाण्याची लावा आणि एक साध्या साबणाची. दोन्हींतला फरक पुरेसा बोलका असतो.

तुरटीचं थोडं वेगळं आहे. मंजिष्ठासारख्या वनस्पतीच्या रंगाने कापड रंगवायचं असेल तर तुरटी खरोखरच लागते, पण ती रंगाच्या आधी किंवा रंगाबरोबर. दुकानातून आणलेल्या कृत्रिम रंगाच्या कुर्त्याला नंतर तुरटी चोळून त्याचा काही फायदा होत नाही. व्हिनेगरचा थोडाफार उपयोग रेशमाला आणि लोकरीला होतो, कारण त्यांच्यावरचे रंग आम्लधर्मी पाण्यात चढतात. सुती कापडाला व्हिनेगर म्हणजे फक्त वास.

सुती चिंधीलाही एक मोठी मर्यादा आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. ती फक्त सुतावर बसणारे रंग पकडते. पॉलिस्टरवर वेगळ्या जातीचे रंग असतात, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, कडक उष्णतेत आत शिरवलेले. त्यांतला वरवर राहिलेला रंग धुताना सुटला तर तो सुती चिंधीला फारसा लागत नाही, पण नायलॉनला लागतो. म्हणजे पॉलिस्टरच्या काळ्या पंजाबी ड्रेसची सुती चिंधी स्वच्छ निघाली तरी त्याच मशीनमधला नायलॉनचा पांढरा पेटीकोट करडा होऊ शकतो. प्रयोगशाळेत या अडचणीवर फार सुंदर तोड काढली आहे. तिथली पांढरी पट्टी एका धाग्याची नसते. अ‍ॅसिटेट, सूत, नायलॉन, पॉलिस्टर, अ‍ॅक्रिलिक आणि लोकर असे सहा धागे शेजारी शेजारी विणलेली असते. कुठल्या पट्ट्यावर डाग पडला यावरून रंगाची जातही ओळखता येते. घरात अशी पट्टी नसते, पण पॉलिस्टरच्या गडद कपड्यासाठी सुती चिंधीशेजारी नायलॉनचा एक पांढरा तुकडा ठेवता येतो. शाळेतल्या मुलींच्या वेणीची पांढरी फीत नायलॉनची असेल तर तिचं टोक चालतं. नियम सोपा आहे: नवा कपडा ज्या कपड्यांबरोबर धुतला जाणार आहे, त्या जातीच्या धाग्याची चिंधी घ्या.

ब्लाऊजच्या अस्तराची चाचणी मात्र जवळजवळ कुणीच करत नाही, आणि खरी गरज तिथेच असते. मॅचिंग सेंटरमधून आणलेलं लाल किंवा हिरवं सुती अस्तर थेट शिंप्याकडे जातं. बहुतेक वेळा ते ब्लाऊजच्या कापडापेक्षा स्वस्त, आणि रंगाला कमी भरवशाचं. ब्लाऊज कधी पाण्यात न जाता ड्रायक्लीन होत असला तरी काखेत घाम येतोच, आणि घाम म्हणजे उबदार, खारट पाणी, दाबासकट. म्हणजे चार तासांची प्रयोगशाळेतली चाचणी लग्नाच्या मांडवात आपोआप पार पडते, आणि फिकट रेशमी ब्लाऊजच्या काखेत अस्तराचा लाल रंग वर उमटतो. म्हणून अस्तर शिवायला देण्याआधी त्यावर चिंधी लावावी, आणि रंग सुटला तर दुसरं अस्तर आणावं. चिंधी स्वच्छ आली तरी अस्तर एकदा पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच शिंप्याला द्यावं, म्हणजे पुढे ते आटून ब्लाऊज आखूड होण्याचाही प्रश्न मिटतो.

पैठणीसारख्या जरीच्या रेशमी साडीच्या बाबतीत चिंधीचा उपयोग धुवायचं की नाही हे ठरवण्यासाठी नसतो. ती घरी धुवायचीच नसते. उपयोग असतो तो सांडलेल्या पाण्यासाठी. काठाचा गडद रंग अंगाच्या फिकट रंगात उतरेल का, हे आधी ठाऊक असेल तर जेवणाच्या पंगतीत पाणी सांडल्यावर काय करायचं ते ठरतं. रंग सुटणारा असेल तर तो भाग घासायचा नाही, कोरड्या पांढऱ्या रुमालाने दाबून पाणी टिपायचं आणि काठाची घडी अंगावर पडू द्यायची नाही.

चिंधी रंगली म्हणून कपडा परत करायचा असेल तर ते काम धुण्याआधीच व्हायला हवं. चाचणी मार्जिनवर झालेली असते, कपडा वापरलेला नसतो, लेबल तसंच असतं, त्यामुळे वाळलेली चिंधी आणि शेजारचा पांढरा तुकडा बिलाबरोबर दाखवून बोलता येतं. एकदा धुतलेला कपडा मात्र सहसा कुणी परत घेत नाही.